माणशी ५३६ रुपये : आमच्या प्रेस शॉपच्या दिवाळी डब्याचा हिशेब

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं प्रेस शॉप आहे. पत्र्याचे ब्रॅकेट, क्लिपा, वॉशर असा माल निघतो. मशीन आणि डाय नवरा बघतो. हजेरी, पगार, बिलं आणि बँक माझ्याकडे. दिवाळीची मिठाईही अर्थातच माझ्याकडे. बरीच वर्षं मी ती एकाच पद्धतीने आणायची : पगारपत्रकावरची नावं मोजायची, वर तीन-चार डबे धरायचे, दुकानात फोन करायचा आणि बिल आलं की 'दिवाळी खर्च' म्हणून वहीत टाकायचं. २०२४ च्या दिवाळीनंतर ती पद्धत मी सोडली. का सोडली आणि २०२५ ला काय केलं, ते सगळं आकड्यांसकट सांगते.

३० ऑक्टोबर २०२४, बुधवारची संध्याकाळ. पॅकिंगच्या टेबलावर काजूकतलीचे अर्ध्या किलोचे ३० डबे रचून ठेवले होते. पगारपत्रकावरची २३ माणसं, आयटीआयची तीन अ‍ॅप्रेंटिस मुलं, आणि चार डबे बाहेरच्या लोकांना द्यायचे. वाटप सुरू झालं आणि नळावर हात धूत असलेली, ठेकेदारामार्फत कामाला येणारी आठ मुलं ओळीच्या शेवटी येऊन उभी राहिली. त्यांच्या मागे सफाईच्या मावशी, दोन्ही पाळ्यांचे वॉचमन, टेम्पोचे चालक आणि रोज दोनदा चहा आणणारा मुलगा. तेरा माणसं, आणि माझ्या यादीत त्यातलं एकही नाव नव्हतं. ठेकेदाराने 'माझ्या पोरांचं मी बघतो' असं सांगितलं होतं, पण त्याने काही आणलेलं नव्हतं. नवऱ्याने घाईने एकाला गाडीवर पिटाळलं आणि तेरा सोनपापडीचे पुडे आणवले. तेवढा वेळ ती माणसं तिथेच उभी होती.

६३ टनाच्या प्रेसवर दोन वर्षं काम करणाऱ्या मुलाने सोनपापडीचा पुडा घेतला, शेजारच्या ऑपरेटरच्या हातातल्या डब्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, मशीन तो एकही है ना?" तो रागावलेला नव्हता. पण ते वाक्य माझ्या मनातून दिवाळीभर गेलं नाही.

भाऊबीज झाल्यावर मी वही काढली. ३० डब्यांचे प्रत्येकी ५६० म्हणजे १६,८००, त्यावर पाच टक्के जीएसटी ८४०. कापडी पिशव्यांचे २४०, रिक्षाचे ३००. झाले १८,१८०. त्यात सोनपापडीचे प्रत्येकी १४५ प्रमाणे १,८८५. एकूण २०,०६५ रुपये. आमच्याकडे काम करणारी माणसं होती ३९. भागाकार केला तर माणशी साधारण ५१४ रुपये येतात, आणि हा आकडा बघून कुणालाही वाटेल की सगळ्यांना बऱ्यापैकी काहीतरी मिळालं. प्रत्यक्षात २६ जणांच्या हातात पडलेल्या डब्याचा खर्च प्रत्येकी ६०६ रुपये होता, १३ जणांचा १४५, आणि २,४२४ रुपयांचे चार डबे आमच्या माणसांपैकी कुणाकडेच गेले नव्हते. एकूण रकमेला डोक्यांनी भागलं की सरासरी येते. कुणाला काय मिळालं ते त्यातून कळत नाही. म्हणून माणशी हिशेब करायचा तर सुरुवात माणसांच्या यादीपासून करायची आणि रक्कम नंतर ठरवायची, एवढं मी त्या वहीतून शिकले.

त्याच आठवड्यात दुसरी एक गोष्ट उघडी पडली. बाहेरच्यांसाठीच्या चारपैकी एक डबा द्यायचा राहून ऑफिसातच पडला होता. आमच्याकडे वॉशर मोजायला इलेक्ट्रॉनिक काटा आहे, कारण हजारो वॉशर हाताने मोजत बसत नाहीत, वजनावरून मोजतात. सहज तो डबा काट्यावर ठेवला. बरोबर ५०० ग्रॅम. मग कतली ताटात काढली आणि रिकामा खोका, आतला कागद आणि वरची पट्टी परत काट्यावर ठेवली. ६२ ग्रॅम. म्हणजे मिठाई फक्त ४३८ ग्रॅम होती. दुकानाचा भाव किलोला १,१२० होता, तेव्हा प्रत्येक डब्यात ६९ रुपये पुठ्ठ्याचे गेले. ३० डब्यांचे दोन हजारांच्या वर. मिठाईच्या वजनात खोका धरायचा नाही, निव्वळ मालाचं वजन द्यायचं, असा वजनमापाचा नियम आहे. गिऱ्हाइकाने तसं सांगितलं तर दुकानदार खोका आधी काट्यावर ठेवून शून्य करतोही. मी सांगितलंच नव्हतं, कारण तीस डबे फोनवर मागवताना काटा माझ्या डोळ्यासमोर नव्हता. त्या हिशेबाने कतलीचा खरा भाव १,२७८ रुपये किलो पडला.

२०२५ ला सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच मी यादी घेऊन बसले. पगारपत्रक मुद्दाम बाजूला ठेवलं आणि गेटचं रजिस्टर घेतलं. महिन्याभरात रोज किंवा दिवसाआड जो माणूस आमच्या गेटमधून कामाला आत येतो, तो यादीत. अशी ३९ नावं झाली : पगारपत्रकावरचे २३, अ‍ॅप्रेंटिस तीन, ठेकेदाराचे आठ, वॉचमन दोन, मावशी, टेम्पोचालक आणि चहावाला मुलगा. बाहेरच्या लोकांना द्यायच्या भेटी या यादीतून काढल्या आणि वेगळ्या पानावर, धंद्याच्या खर्चात टाकल्या. हे फार गरजेचं होतं. दोन्ही एकत्र असले की ऐनवेळी बाहेरचा कुणी महत्त्वाचा वाटतो आणि डबा कापला जातो तो आतल्या माणसाचा.

मग ३९ वर दोन जादा धरले. पाच टक्क्यांच्या आसपास. आमच्याकडे दिवाळीच्या तोंडावर हमखास कुणीतरी नवीन लागतो आणि सुरक्षा एजन्सी बदली माणूस पाठवते. म्हणजे भागायला आकडा ४१.

सुपरवायझरला आणि हेल्परला सारखाच डबा द्यायचा का, यावर घरात चांगलीच चर्चा झाली. नवऱ्याचं म्हणणं, अनुभवाचा काहीतरी मान ठेवायला हवा. मी म्हटलं, तो मान पगारात आणि बोनसमध्ये आहे; डबा सगळ्यांसमोर टेबलावरून हातात जातो, तिथे फरक नको. शेवटी आमच्या सुपरवायझर काकांनाच विचारलं. ते म्हणाले, "ताई, मला वेगळा डबा दिलात तर तो मला झाकून न्यावा लागेल." प्रश्न तिथेच मिटला.

बोनसचा विषय आला आहे तर तेही सांगते, कारण लहान धंद्यांत ही सरमिसळ मी खूप ठिकाणी बघते. वीस किंवा जास्त माणसं असली की ठरावीक पगारापर्यंतच्या कामगारांना किमान ८.३३ टक्के बोनस कायद्याने द्यायचाच असतो. मिठाईचा डबा त्याच्या बदली चालत नाही आणि त्यातून वळताही करता येत नाही. आम्ही १० ऑक्टोबरला बोनस खात्यात जमा केला आणि त्यानंतरच डब्याचं बोललो. डब्याऐवजी रोख ५०० रुपये द्यावेत असं दोघांचं म्हणणं होतं. ते गैर नव्हतंच. पण मावशी म्हणाल्या, "पैसे वाटेतच संपतात बाई. पोरांपुढे ठेवायला काहीतरी हातात असू दे." बाकीच्यांनी माना हलवल्या. करातही फरक होता : २०२५ च्या नियमाप्रमाणे वस्तूरूपाने दिलेली भेट वर्षाला ५,००० रुपयांच्या आत असेल तर कामगाराच्या उत्पन्नात धरली जात नव्हती, रोख रक्कम मात्र पगारासारखी धरत.

आता रक्कम. गेल्या वर्षीचे वीस हजार आणि थोडी महागाई धरून नवऱ्याने २२,००० मंजूर केले. ४१ ने भागले तर माणशी ५३६. हा आकडा घेऊन मी लगेच दुकानात गेले असते तर पुन्हा तीच चूक झाली असती, कारण ५३६ हे डब्यात घालायचे पैसे नाहीत. म्हणून मी उलटं मोजत गेले. आणणं-नेणं ६०० रुपये धरलं, ते माणशी १५. कापडी पिशवी आणि शुभेच्छांचं छोटं कार्ड २०. उरले ५०१. यात पाच टक्के कर बसायचा असेल तर ५०१ ला १.०५ ने भागायचं, म्हणजे करापूर्वीची किंमत ४७७. त्यातून खोका २८ रुपयांचा. खाण्याच्या जिनसांना उरले ४४९.

कराबद्दल आमच्या सीएंनी एक गोष्ट आधीच बजावली होती. बाकीच्या खरेदीवर भरलेला जीएसटी आपण पुढे वळता करून घेतो, त्यामुळे मनात किंमत धरताना कर वगळायची सवय लागते. पण भेट म्हणून वाटलेल्या मालावरचं इनपुट क्रेडिट कलम १७(५) प्रमाणे मिळत नाही. म्हणजे डब्यावरचा कर हा आपला पक्का खर्च. कोटेशनमध्ये 'अधिक जीएसटी' लिहिलेलं असेल तर तो आधी मिळवून मगच माणशी आकडा बघायचा.

तीन ठिकाणी चौकशी केली. मिठाईच्या दुकानात काजूकतली आता १,१८० झाली होती. ४४९ रुपयांत निव्वळ ३८० ग्रॅम. पेढे आणि खव्याची बर्फी स्वस्तात बसत होती, पण ती तीन-चार दिवसांत संपवावी लागते. ठेकेदाराची ती आठ मुलं बिहार आणि उत्तर प्रदेशची. दिवाळीला निघतात ती छठ करूनच परततात. नाशिकरोडहून गाडीत एक दिवस, एक रात्र आणि पुढे बसचा प्रवास. त्यांच्या पिशवीत खव्याची मिठाई देणं म्हणजे घरी पोचेपर्यंत फेकायची वस्तू देणं. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईवरही 'कधीपर्यंत खावी' ती तारीख दुकानात लावावी लागते. मी ट्रेसमोरच्या त्या पाट्या वाचत गेले आणि निम्मे पर्याय तिथेच गळाले.

दुसरा, भेटवस्तूंचे खोके भरून देणारा व्यापारी. त्याचा नमुना दिसायला फारच देखणा होता. मखमली कागदाचा खोका, चार छोट्या बरण्यांत सुकामेवा, बिस्किटं आणि अत्तराची एक कुपी. भाव ४७५ अधिक जीएसटी. माझ्या ४७७ मध्ये बसत होता, म्हणून मी खूश झाले होते. पण त्याच्या कच्च्या बिलात कर १८ टक्के लावलेला दिसला. मिठाई आधीपासूनच पाच टक्क्यांत होती आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून फरसाण, सुकामेवा, चॉकलेटही पाच टक्क्यांवर आलं होतं, मग १८ कुठून? सीएंना फोन केला. वेगवेगळ्या जिनसा एकत्र बांधून एकाच किमतीला विकल्या की त्यातल्या सगळ्यात जास्त दराच्या वस्तूचा कर पूर्ण खोक्याला लागतो, आणि अत्तर १८ टक्क्यांत आहे. त्या इवल्याशा कुपीमुळे ४७५ चा खोका ५६० ला जात होता. कुपी काढली असती तर ४९९ ला पडला असता. शिवाय बरण्यांमधला सुकामेवा सगळा मिळून २०० ग्रॅम. त्यात घरातल्या पाच माणसांना मूठमूठसुद्धा आलं नसतं.

तिसरा पर्याय सुचवला तो आमच्या पॅकिंगवरच्या ताईंनी. त्यांच्या वस्तीतला महिला बचत गट फराळ करून विकतो. मी गेले तेव्हा दहा बाय बाराच्या खोलीत चार जणी चिवड्याचे पोहे चाळत होत्या. दोन मोठ्या कढया, भिंतीला टेकवलेले तेलाचे डबे, आणि दारामागे अन्नसुरक्षा नोंदणीचा कागद चौकटीत लावलेला. तो नंबर त्या प्रत्येक पुडीवर छापतात, हे बघून मला बरं वाटलं. उलाढाल लहान असल्याने त्यांना जीएसटी नोंदणी लागत नाही, बिलात कर नाही. म्हणजे माझे ५०१ पूर्णच्या पूर्ण कामाला येत होते. खोक्याचे २८ वजा करून खाण्याला ४७३. दुकानापेक्षा माणशी २४ रुपये जास्त.

त्यांच्या भावाने मी डबा असा बसवला. बेसनाचे लाडू ६४० रुपये किलो, २५० ग्रॅम, १६० रुपये. पातळ पोह्यांचा चिवडा ४०० ने २५० ग्रॅम, १०० रुपये. भाजणीची चकली ४८० ने २०० ग्रॅम, ९६. शंकरपाळे ४०० ने २०० ग्रॅम, ८०. अभ्यंगस्नानासाठी उटण्याची पुडी १२ रुपये. चारही जिनसांच्या बंद पिशव्यांचे प्रत्येकी चार रुपये, म्हणजे १६. झाले ४६४. मर्यादेच्या नऊ रुपये आतच. आणि पदार्थ निव्वळ ९०० ग्रॅम; गेल्या वर्षीच्या ४३८ च्या दुपटीहून जास्त. एका माणसाच्या घरात हा डबा चार दिवस पुरतो.

ऑर्डर देण्याआधी मी प्रत्येक जिन्नस पाव-पाव किलो पैसे देऊन घेतला आणि ऑफिसच्या कपाटात ठेवला. ताजा फराळ सगळाच चांगला लागतो. आपल्या माणसाच्या घरी तो आठव्या दिवशी कसा असेल, ते कळायला हवं. आठ दिवसांनी पिशव्या उघडल्या. लाडू उत्तम. शंकरपाळे खुसखुशीत. चकली बोटाने मोडली तर कट्कन आवाज आला, म्हणजे सादळली नव्हती. चिवडा मात्र तोंडात घालण्याआधीच नाकाला कळला. पोहे कुरकुरीत होते, पण तळलेल्या सुक्या खोबऱ्याच्या कापांना खवट वास यायला लागला होता. गटाच्या ताईंना जाऊन सांगितलं. त्यांनी एक काप चावून बघितला, वाईट वाटून घेतलं, आणि सांगितलं की जुन्या खोबऱ्याच्या वाटीचा हा परिणाम. आमच्या चिवड्यात त्यांनी खोबरं न घालता डाळं आणि शेंगदाणे वाढवायचे ठरवलं. भाव तोच राहिला.

२ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, १०,००० रुपये आगाऊ दिले. याहून उशीर केला असता तर मिळालं नसतं. ४१ डब्यांचा माल म्हणजे साधारण ३७ किलो, आणि चकली तर हाताने पाडायची. दिवाळीच्या आधीच्या दहा दिवसांत त्यांच्या दोन कढयांना जेवढं जमेल तेवढंच त्या घेतात, आणि हे त्यांनी मला सरळ सांगितलं. जी माणसं 'होऊन जाईल' म्हणतात त्यांच्यापेक्षा मला हे फार आवडलं. खोके मी रविवार कारंजाजवळच्या बाजारातून स्वतः आणले. रिकामा खोका काट्यावर ठेवून त्याच्या तळाला पेनने '८४ ग्रॅम' लिहिलं. आता खोका कितीही जड असो, त्याचे पैसे लाडवाच्या भावाने जाणार नव्हते.

वाटपाची तारीख १६ ऑक्टोबर, गुरुवार. वसुबारस दुसऱ्या दिवशी होती आणि ठेकेदाराच्या मुलांची गाडी १७ च्या रात्रीची. माल १५ ला दुपारी आला. उतरवून घेताना मी प्रत्येक जिनसाच्या दहा-दहा पुड्या काट्यावर लावल्या. रिकामी पिशवी सहा ग्रॅमची, ती आधी वजा केली. चिवडा २५० च्या वर दोन-तीन ग्रॅम, चकली आणि शंकरपाळे बरोबर. लाडू मात्र २३८, २४१, २४०, २३९. एकही पुडी २५० ला पोचत नव्हती. पिशवी उघडून बघितली तर सहा लाडू, प्रत्येकी ४० ग्रॅमच्या आसपास. त्यांनी वजनाने न भरता नगाने भरलं होतं. यात लबाडी काहीच नव्हती. लाडू वळणारा हात एकाच मापाचा लाडू वळतो आणि सहाची पुडी छान बसते. पण माझा हिशेब ग्रॅमवर होता.

फोन केल्यावर ताई अर्ध्या तासात स्वतः आल्या. काट्यासमोर उभ्या राहून त्यांनी पाच पुड्या तोलून बघितल्या. पुडीमागे दहा ग्रॅम म्हणजे ४१ पुड्यांत ४१० ग्रॅम, साधारण दहा लाडू. संध्याकाळपर्यंत दहा लाडू वेगळ्या डब्यातून आले. ते पुड्यांत घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी चारच्या चहाबरोबर तुकडे करून सगळ्यांत फिरवले. पुढच्या वेळी लाडवाचा भाव नगावर ठरवायचा, असं आम्ही दोघींनी तिथेच नक्की केलं.

भरायला आम्ही चौघीजणी बसलो. इथे एक धडा मिळाला. पहिल्या चार खोक्यांत लाडवांची पुडी वर ठेवली होती आणि टेबलावर एकावर एक रचल्यावर खालच्या चकल्या मोडल्या. तेव्हापासून खाली लाडू आणि शंकरपाळे, त्यावर चिवडा गादीसारखा, आणि सगळ्यात वर चकली. उटणं कडेला, वेगळ्या कागदी पुडीत, कारण त्याचा वास फराळाला लागतो. मोडलेल्या चार पुड्या आम्ही चौघींनी आमच्या स्वतःच्या डब्यांत घेतल्या.

गुरुवारी साडेचारला वाटप झालं. नावं यादीप्रमाणे अकारविल्हे घेतली, त्यामुळे ठेकेदाराची मुलं, ऑपरेटर, मावशी सगळे मिसळूनच आले. दोन जादा डब्यांपैकी एक १३ तारखेला लागलेल्या हेल्परला गेला आणि दुसरा रात्रपाळीच्या बदली वॉचमनला. शेवटी टेबलावर एकही डबा उरला नाही आणि एकही माणूस मोकळ्या हाताने उभा नव्हता. ६३ टनाच्या प्रेसवरच्या त्या मुलाने खोका उघडून चारही पुड्या बाहेर काढल्या, चकलीची पुडी परत नीट वर ठेवली आणि विचारलं, "ये कितने दिन रहेगा?" मी म्हटलं, पंधरा दिवस, पण पिशवी उघडी ठेवायची नाही. तो म्हणाला, मग छठपर्यंत आईसाठी ठेवता येईल.

शनिवारी हिशेब बंद केला. खोक्यासह फराळाचा डबा ४९२, पिशवी आणि कार्ड २०, असे ५१२ प्रमाणे ४१ डब्यांचे २०,९९२. टेम्पो आपलाच असल्याने फक्त डिझेल आणि हमाली मिळून ४५०. चिकटपट्टी आणि दोरा ७०. एकूण २१,५१२, म्हणजे माणशी ५२५ रुपये. या खेपेला ही नुसती सरासरी नव्हती. प्रत्येकाच्या हातात तेवढंच गेलं होतं. जो डबा दुकानातून आणला असता तर ३८० ग्रॅमचा झाला असता, तो ९०० ग्रॅमचा झाला, आणि कुणाच्या घरी काय गेलं ते मला नावानिशी सांगता येतं.

एक उणीव राहिली. आमच्या एका ऑपरेटरला मधुमेह आहे, दुसऱ्याच्या घरी आईला. त्यांच्या डब्यात लाडू आणि शंकरपाळे मिळून अर्धा डबा गोडच होता. २४० रुपयांच्या या दोन जिनसांच्या जागी त्याच किमतीचे बदाम आणि भाजके मखाणे बसतात का, याची चौकशी मी आत्ताच करून ठेवते आहे. सरसकट सगळ्यांचा डबा बदलायचा नाही. यादीत नावासमोर एक रकाना वाढवला आहे, 'गोड / बिनगोड', आणि तो दसऱ्याच्या आधी प्रत्येकाला विचारून भरायचा.

२०२६ ला अधिक महिना असल्याने लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येतं. गटाच्या ताईंना ही तारीख मी पाडव्याच्या दिवशीच सांगितली आणि त्यांनी ती कॅलेंडर नसल्याने भिंतीवर खडूने लिहून ठेवली. तळाला '८४ ग्रॅम' लिहिलेला तो रिकामा खोका आमच्या ऑफिसच्या कपाटावर आहे. त्यात नवी यादी घडी करून ठेवली आहे. या वेळी पहिलं नाव सफाईच्या मावशींचं लिहिलं आहे.